कावा की कॅमोमाइल?

सांगलीत आमच्या मावशींच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि रक्त पातळ राहावं म्हणून त्या वॉरफरिन घेतात. झोप लागत नाही म्हणून भाच्यानं परदेशातून दोन वस्तू आणल्या: कावा या पॅसिफिक बेटांवरच्या झुडपाच्या मुळांच्या कॅप्सूल आणि कॅमोमाइलचा चहा.

कावा मी लगेच बाजूला ठेवला. चिंता थोडी कमी होते असं काही चाचण्यांत दिसलंय, पण झोपेसाठी पुरावा तोकडाच. त्यात यकृत निकामी झाल्याच्या नोंदींमुळे जर्मनीनं 2002 मध्ये त्यावर बंदी घातली. पुढे ती न्यायालयात टिकली नाही, धोका मात्र राहिलाच. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज अशी लक्षणं दिसली की कावा थांबवून तपासणी करायची. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत तर नकोच.

कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं. यकृताला त्रास सहसा नाही, झोपेवर परिणामही माफकच. पण वॉरफरिन घेणाऱ्या एका वृद्धेला हा चहा भरपूर प्यायल्यावर अंतर्गत रक्तस्राव झाल्याची नोंद 2006 मध्ये आहे. म्हणजे इतरांना निवडायचंच तर कॅमोमाइल. मावशींना मात्र तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय, रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आयएनआर तपासल्याशिवाय नाही.