आधी रोख की आधी बोनस?

ब्रिटनमधील एका मित्राने ऑनलाइन कॅसिनोच्या दोन खात्यांपैकी कोणते ठेवावे, असे विचारले. दोन्हीकडे 50 पौंड भरल्यावर 50 पौंडांचा बोनस मिळत होता आणि बोनसच्या दहापट, म्हणजे 500 पौंडांच्या पैजा लावण्याची अट होती. जानेवारी 2026 पासून तिथे याहून मोठी अट घालता येत नाही. फरक एवढाच होता, की एकीकडे आधी रोख खर्च होई, दुसरीकडे आधी बोनस.

समजा, पहिल्याच 10 पौंडांच्या पैजेवर 90 पौंड परत आले. रोख आधी असेल तर रोख शिल्लक 130 होते आणि बोनसवर पाणी सोडून ती सगळी काढता येते. बोनस आधी असेल तर तेच 90 बोनसमध्ये जमा होतात. पडद्यावर बोनसचे 130 पौंड दिसतात, पण हाती रोख 50च येतात, कारण अट पूर्ण होण्याआधी पैसे काढले तर बोनस सहसा रद्द होतो.

हरल्यावर मात्र चित्र उलटते. बोनस आधी संपला तर स्वतःचे 50 शाबूत राहतात. रोख आधी गेली तर उरतो तो अटीत अडकलेला बोनस.

क्रम नियमांत स्पष्ट नसेल, तर एक छोटी पैज लावून कोणती शिल्लक घटली आणि जिंकलेली रक्कम कुठे पडली, हे पाहावे.

जिंकताच बाहेर पडणाऱ्याला रोख-आधी खाते सोयीचे. ज्याला मुद्दल जपायचे आहे आणि बोनस संपताच थांबता येते, त्याला बोनस-आधी.