कीवर्ड डिफिकल्टीची फुकट टूल्स: काही महिने वापरल्यानंतर

नागपूरच्या इतवारीतल्या एका सावजी मसालेवाल्यांची वेबसाइट मी सांभाळतो. टूल्सवर खर्चायला पैसा नाही, त्यामुळे एचरेफ्सचा फुकट डिफिकल्टी चेकर, मॉझ आणि सेमरशची फुकट खाती आणि गूगलचा कीवर्ड प्लॅनर एवढ्यावरच काम चालतं. लोक गूगलमध्ये जे शब्द टाकतात त्या कीवर्डवर पहिल्या पानावर येणं किती अवघड, ते यातली पहिली तीन शंभरपैकी एका आकड्यात सांगतात, तीच डिफिकल्टी. टूल्स कामाची आहेत. फक्त त्यांच्या आकड्यांची सरासरी काढू नका. बरेच जण काढतात, म्हणून हे लिहितोय.

`saoji masala online` हा कीवर्ड घ्या. एचरेफ्सने त्याला एक आकडी डिफिकल्टी दिली, म्हणजे अगदी सोपा. मॉझने चाळिशीच्या आसपास. दुकानाचे काका म्हणाले, "मंग यातला खरा कोनता, बाप्पा?"

दोन्ही खरे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्या दहा निकालांतल्या पानांना बाहेरच्या किती वेबसाइटींनी लिंक दिली आहे, एवढंच एचरेफ्स बघतं. ज्या साइटवर ते पान आहे ती केवढी मोठी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मॉझ पानाच्या ताकदीसोबत अख्ख्या डोमेनची ताकदही धरतं. आता या कीवर्डचे निकाल इनकॉग्निटोमध्ये उघडले तर निम्म्याहून जास्त जागा मोठ्या ऑनलाइन बाजारांच्या प्रॉडक्ट पानांनी अडवलेल्या. मसाल्याच्या एका पाकिटाच्या पानाला कोण लिंक देणार? म्हणून लिंका मोजणाऱ्याला मैदान मोकळं दिसतं, आणि डोमेन बघणाऱ्याला समोर पहिलवान दिसतात.

सेमरशचा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी यायचा. ते लिंकांसोबत साइटचा ऑथॉरिटी स्कोअर धरतं, निकालाच्या पानावर आणखी काय काय दिसतं तेही धरतं. तिथे देश निवडावा लागतो. चुकून अमेरिकाच निवडलेली राहिली तर आकडा तिथल्या निकालांचा येतो आणि आपण इथे डोकं खाजवत बसतो.

शिवाय वेब फिरून लिंका गोळा करणारा प्रत्येकाचा क्रॉलर वेगळा, म्हणून एकाच पानाच्या लिंकांची मोजणीही जुळत नाही. आणि मोजणी जुळली तरी हिशेबाची रीत वेगळी असू शकते. समजा दहा पानांपैकी सहांना शून्य लिंका, तिघांना चार-चार आणि एका जुन्या लेखाला 388. सरासरी येते 40, मध्यक येतो शून्य. त्या एका लेखाने सगळं चित्र पालटलं.

पट्टीही सरळ नाही. एचरेफ्सने स्वतः दिलेल्या अंदाजात 40 डिफिकल्टीला साधारण 56 वेबसाइटींच्या लिंका लागतात आणि 80 ला 353. म्हणजे 80 हे 40 च्या दुप्पट अवघड नाही, सहापटीहून जास्त आहे. दुसऱ्या टूलचं 40 या पट्टीवर कुठे बसतं हे कोणीच सांगू शकत नाही. सरासरी काढू नका म्हणतो ते यासाठी.

कीवर्ड प्लॅनरचं तर बोलायलाच नको. तिथल्या `Competition` खाली `High` दिसलं की लोक घाबरतात. ती जाहिरातदारांची चढाओढ आहे, रँकिंगशी तिचा संबंध नाही.

मला खरा फायदा झाला तो आकडे भांडताना बघून. `saoji masala recipe` लाही एचरेफ्सने जवळपास तेवढीच कमी डिफिकल्टी दिली होती, पण तिथे मॉझचा आकडाही खाली होता. निकालांत छोटे रेसिपी ब्लॉग होते, काहींमध्ये तर दगडफूल आणि खसखस यांचा पत्ताच नव्हता. आम्ही काकूंकडून नीट प्रमाण घेऊन पान लिहिलं. काही महिन्यांत, आपली साइट शोधात कुठे दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ते पहिल्या पानावर दिसू लागलं, एकही नवी लिंक न मिळवता. `online` वालं पान मात्र तिसऱ्या पानावरच अडकलं. तिथे शोधणाऱ्याला दहा ब्रँड एकत्र बघून विकत घ्यायचे असतात, आणि आमच्याकडे एकच ब्रँड. ही अडचण कुठल्याच टूलच्या आकड्यात येत नाही. पहिली दहा पानं स्वतः उघडल्यावरच कळते.

`saoji restaurant in nagpur` सारख्या कीवर्डला तर हे आकडे जवळपास बिनकामाचे. वर नकाशा येतो, आणि त्यातला क्रम गूगल व्यवसायाचं शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी यावर ठरवतं. पानाच्या लिंका मोजून महाल आणि सदरमधला फरक कसा कळणार?

देवनागरीत `सावजी मसाला` टाकलं की कुठे शून्य येतं, कुठे नुसती रेघ. हा शून्य "सोपं" या अर्थाचा धरू नका. टूलकडे त्या शब्दाची माहितीच नसते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. मराठी कीवर्डसाठी मी आता टूल उघडत नाही. पान टाकतो, आणि सर्च कन्सोलमध्ये त्या शब्दावर इंप्रेशन येतात का, कितव्या जागेवर येतात, ते बघतो.