जुने सीएनसी लेथ आणखी एक वर्ष चालवून मग बदलले: नव्या यंत्राच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या वर्कशॉपमधले जुने सीएनसी लेथ काढून नवे बसवले, त्याला आता काही महिने झाले आहेत. नवे यंत्र कसे चालते यापेक्षा ते नेमके कधी घ्यायचे हे कसे ठरले, आणि ज्या आकड्यांवर तो निर्णय घेतला ते प्रत्यक्षात कितपत टिकले, याबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. हिशेब कोणालाही वापरता यावा म्हणून नव्या यंत्राची किंमत वाहतूक, पाया, जोडणी आणि कामगारांचे प्रशिक्षण धरून १०० मानली आहे. बाकी सर्व आकडे त्याच प्रमाणात आहेत.

निर्णयाच्या वेळी जुन्या यंत्राला बाजारात २० मिळत होते आणि हिशेबवहीत घसारा वजा जाता त्याची किंमत ८ उरली होती. ते मुळात कितीला घेतले होते हा आकडा चर्चेत सारखा येतो, पण पुढच्या निर्णयाशी त्याचा संबंध फक्त करापुरताच उरतो. खरा प्रश्न असा असतो की आज विकल्यास हातात किती पडेल. २० ला विकल्यास पुस्तकी किंमतीच्या वर १२ चा नफा दिसतो, त्यावर ३० टक्के दराने ३.६ कर जातो आणि हातात १६.४ उरतात. यंत्र आणखी एक वर्ष ठेवणे म्हणजे हे १६.४ नव्याने त्यात गुंतवणे होय, आणि ही दृष्टी एकदा पटली की बाकीचा हिशेब सोपा होतो.

गुंतवलेल्या पैशावर मिळायला हवा असा दर आम्ही करानंतर १० टक्के धरला. १६.४ चे वर्षअखेर १८.०४ होतात. पहिल्या वर्षाची देखभाल १५ अपेक्षित होती. तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होत असल्याने करानंतर त्याचा भार १०.५ पडतो. त्या वर्षीच्या २ घसाऱ्यामुळे ०.६ कर वाचतो. वर्षअखेर यंत्र १४ ला विकले जाईल आणि तेव्हा पुस्तकी किंमत ६ असेल असे धरले, म्हणजे ८ च्या नफ्यावरचा २.४ कर देऊन ११.६ परत येतात. १८.०४ मध्ये १०.५ मिळवून ०.६ आणि ११.६ वजा केले की त्या एका वर्षाचा खर्च १६.३४ येतो.

नव्या यंत्राचे आयुष्य ८ वर्षे आणि शेवटची विक्री किंमत २० धरली. दरवर्षी १० घसारा, म्हणजे ३ ची करबचत. देखभाल सरासरीने ४, म्हणजे करानंतर २.८. खरेदी आणि शेवटची विक्री या दोन रकमा १० टक्के दराने आठ वर्षांत समान वाटल्या की वर्षाला १७ येतात. त्यात २.८ मिळवून ३ वजा केल्यावर समान वार्षिक खर्च १६.८ होतो. म्हणजे जुने यंत्र एक वर्ष ठेवणे किंचित स्वस्त होते. दुसऱ्या वर्षासाठी हीच मांडणी केली तर देखभाल १९ पर्यंत चढते, विक्री किंमत १० वर येते आणि खर्च १७.२६ होतो; तिसऱ्या वर्षी तो २० च्या पुढे जातो. म्हणून एक वर्ष ठेवायचे आणि मग बदलायचे, असे ठरले.

विक्रीवरचा कर विसरला असता तर उत्तर उलटे आले असते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. देखभाल आणि घसारा करानंतर धरून विक्रीची रक्कम मात्र तशीच ठेवली, तर पहिल्या वर्षाचा खर्च १७.९ दिसतो आणि यंत्र आजच बदलावे असे वाटते. जुन्या यंत्राची पुस्तकी किंमत बाजारभावाच्या बरीच खाली असते तेव्हा हा फरक मोठा होतो. काही देशांत यंत्रांचा एकत्रित गट धरून घसारा काढतात. तिथे विक्रीची रक्कम गटातून वजा होते आणि कर त्याच वर्षी न लागता पुढच्या वर्षांतल्या कमी घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू वसूल होतो. अशा ठिकाणी ३.६ ऐवजी त्याचे आजचे, कमी असलेले मूल्य धरावे लागते. हिशेबनीसाला हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

प्रत्यक्षात ते वर्ष कसे गेले? देखभाल १५ ऐवजी १४ लागली आणि यंत्र १४ ऐवजी १३ ला गेले. दोन्ही रकमांवर तोच कर लागत असल्याने दोन्ही फरकांचा परिणाम प्रत्येकी ०.७, पण उलट दिशांना झाला आणि वर्षाचा खर्च पुन्हा १६.३४ च आला. विक्री किंमत कमी होण्याचे कारण स्पष्ट होते. घेणाऱ्याने बॉलस्क्रूचा बॅकलॅश डायल गेजवर पाहिला, स्पिंडल बराच वेळ चालवून बेअरिंगची उष्णता तपासली आणि कंट्रोलरचे सुटे भाग पुढे मिळतील का हे विचारले. यांतल्या झिजेवर घासाघीस होते, पण कंट्रोलरचे भाग मिळेनासे झाले की किंमत हळूहळू न उतरता एकदम कोसळते. यंत्र चालू स्थितीत दाखवून विकता येणे याचे मोल मोठे आहे. बंद पडल्यावर विकायला काढले तर घेणारा लोखंडाच्या वजनाचीच भाषा बोलतो.

ही वर्षावर्षाची तुलना एका परिस्थितीत फसवते. पहिल्याच वर्षी स्पिंडलची मोठी दुरुस्ती करावी लागणार असेल, तर त्या वर्षाचा खर्च समजा २२ येतो आणि नंतरची दोन वर्षे १३ आणि १४ वर निघतात. फक्त पहिले वर्ष पाहिले तर यंत्र लगेच काढावेसे वाटते, पण तीन वर्षांचा समान वार्षिक खर्च सुमारे १६.६ येतो, जो नव्या यंत्राच्या १६.८ पेक्षा कमी आहे. खर्च दरवर्षी चढत जाणार असेल तरच एकेका वर्षाची तुलना पुरेशी असते. मध्ये मोठी दुरुस्ती असेल तर उरलेल्या आयुष्याचे एक, दोन, तीन वर्षांचे पर्याय वेगवेगळे मांडून त्यांतला सर्वात कमी वार्षिक खर्च घ्यावा. शिवाय आमच्याकडे दोन्ही यंत्रांचे काम सारखेच होते. जुने यंत्र बंद राहिल्याने काम बाहेरून करून घ्यावे लागत असेल किंवा माप चुकून माल बाद होत असेल, तर तो खर्चही देखभालीच्या बरोबरीने धरला पाहिजे. बहुतेक वेळा तो कुठल्याच वहीत वेगळा दिसत नाही.

नव्या यंत्राबद्दल सांगायचे तर माप स्थिर येते आणि सकाळी स्पिंडल तापेपर्यंत थांबावे लागत नाही. देखभालीवर आतापर्यंत जवळजवळ काहीच खर्च झालेला नाही. पण वॉरंटीच्या काळातल्या या शांततेवरून मी निष्कर्ष काढणार नाही, कारण १६.८ हा आकडा आठ वर्षांच्या सरासरी देखभालीवर उभा आहे आणि तिचा मोठा भाग शेवटच्या वर्षांत येतो. म्हणून प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक बंद तास आणि वर्षातून एकदा बाजारात विचारून घेतलेली विक्री किंमत यांची स्वतंत्र नोंद आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवत आहोत. जुन्या यंत्राच्या बाबतीत या तीन गोष्टींचे आकडे गोळा करण्यातच आमचा बहुतेक वेळ गेला होता. प्रत्यक्ष आकडेमोड एका बैठकीत संपली.