पाटीवर 1 एचपी, टाकीत मात्र अर्धंच पाणी

खरेदीदाराची गरज साधी होती. खालच्या हौदातल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत 18 मीटर उंची, 25 मिलिमीटर आतल्या व्यासाचा 26 मीटर पाइप, आणि 1000 लिटरची टाकी 25 मिनिटांत भरायला हवी. म्हणजे मिनिटाला 40 लिटर. विक्रेत्याने सिंगल फेजचा छोटा सेल्फ-प्रायमिंग पंप दिला. पाटीवर 1 एचपी, हेड म्हणजे पाणी चढवण्याची उंची 40 मीटर, डिस्चार्ज म्हणजे प्रवाह 40 लिटर प्रति मिनिट. गरज 18 मीटरची आणि पाटीवर 40, त्यामुळे खरेदीदार निश्चिंत. बसवल्यावर टाकी भरायला 50 मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशीही 50, तिसऱ्या दिवशीही तेवढीच.

तक्रार केल्यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पाइपमध्ये हवा असेल, फूट व्हॉल्व्ह अडकला असेल, व्होल्टेज कमी असेल. ही कारणं खोटी नाहीत, म्हणूनच ती सोयीची पडतात. त्यामुळे आधी तीच तपासायची. चालू पंपावर व्होल्टेज मोजलं, 225 भरलं. मग पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज लावून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह काही सेकंदांसाठी पूर्ण बंद केला. (या जातीचे पंप बंद व्हॉल्व्हवर सगळ्यात जास्त लोड घेतात आणि आतलं पाणी लगेच तापतं, म्हणून पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नये.) काटा 3.8 बारवर गेला. 10 मीटर पाण्याचा दाब साधारण 0.98 बार असतो, म्हणजे हे जवळपास 39 मीटर झालं. हवा ओढणारा किंवा वाळूने इम्पेलर झिजलेला पंप एवढा दाब देत नाही. पंप निरोगी होता, फक्त जेवढा सांगितला तेवढा नव्हता.

आता पाण्याला प्रत्यक्ष किती शक्ती मिळाली ते पाहू. 1000 लिटर म्हणजे 1000 किलो. ते 18 मीटर उचलायला 1000 × 9.81 × 18 = 1,76,580 जूल कार्य लागतं. 50 मिनिटं म्हणजे 3000 सेकंद. भागाकार 59 वॉट. हेच काम 25 मिनिटांत करायचं तर 118 वॉट हवेत. काम तेवढंच, वेळ निम्मा, म्हणून शक्ती दुप्पट. एवढं एक वाक्य पक्कं धरलं की पुढची बरीच चलाखी आपोआप उघडी पडते.

विक्रेत्याचा दुसरा सल्ला होता, "पाइप बारीक करा, फोर्स वाढेल." इथे बल आणि शक्ती यांची गल्लत आहे. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. 25 मिलिमीटरच्या पाइपात 18 मीटर उभा स्तंभ 8.84 किलोचा, म्हणजे तो वर ढकलायला सुमारे 87 न्यूटन बल लागतं. मिनिटाला 20 लिटर जाताना पाणी 0.68 मीटर प्रति सेकंद वेगाने चढतं. 87 गुणिले 0.68 बरोबर 59 वॉट, वर काढलेलाच आकडा. पाइप 20 मिलिमीटरचा केला तर स्तंभ हलका होतो, बल 55.5 न्यूटन. पण तेवढंच पाणी न्यायला वेग 1.06 मीटर प्रति सेकंद लागतो. गुणाकार पुन्हा 59. बारीक पाइपाने शक्ती काडीची वाढत नाही. वाढतं ते घर्षण, आणि तेही जोरात: तेवढ्याच प्रवाहाला व्यास 25 चा 20 केला की घर्षणाचं हेड जवळपास तिप्पट होतं. बारीक नळीतून धार लांब जाते ती फक्त तोंडाशी वेग वाढल्यामुळे. टाकी धारेच्या लांबीने भरत नाही.

मुख्य फसवणूक एचपीच्या आकड्यात होती, आणि पुरावा त्याच पाटीवर छापलेला होता. 1 एचपी म्हणजे 746 वॉट. मोटरीच्या बाबतीत हा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा असतो, विजेतून घेतलेल्या नव्हे. पाटीवर खाली बारीक अक्षरात 230 व्होल्ट, 2.8 अँपिअर होतं. गुणाकार 644. पॉवर फॅक्टर अगदी 1 धरला तरी ही मोटर विजेतून 644 वॉटपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आत 644 आणि बाहेर 746? जी यंत्रणा घेते त्याहून जास्त देते, ती अजून कोणी बनवलेली नाही. लहान सिंगल फेज मोटरीत विजेच्या साठ-सत्तर टक्केच शक्ती शाफ्टवर येते, म्हणजे ही मोटर साधारण अर्ध्या एचपीची. खऱ्या 1 एचपी मोटरीच्या पाटीवर 230 व्होल्टला साधारण 5 अँपिअरच्या आसपास आकडा दिसायला हवा. हा गुणाकार दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, अर्ध्या मिनिटात होतो.

पाटीवरचे अँपिअरही खोटे असतील तर? मग घरचा वीजमीटर कामाला येतो. मीटरवर 3200 imp/kWh असं लिहिलेलं असेल तर लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त पंप चालवायचा, एका मिनिटातली लुकलुक मोजायची आणि 18.75 ने गुणायचं, वॉट मिळतात. इथे टाकीत पाणी चढताना 26 वेळा लुकलुक झाली, म्हणजे सुमारे 488 वॉट. एक सावधगिरी मात्र हवी: मोटर लोडप्रमाणे वीज घेते, त्यामुळे एकाच स्थितीत कमी वॉट दिसले म्हणून मोटर लहान, असं म्हणता येत नाही. म्हणून व्हॉल्व्ह हळूहळू आवळत मोजणी पुन्हा करायची. सगळ्यात जास्त लोडच्या स्थितीतही मिनिटाला 33 लुकलुक, सुमारे 619 वॉट. पंपाच्या पूर्ण पल्ल्यात कुठेही विजेकडून 746 वॉट घेतले गेले नाहीत, मग शाफ्टवर ते येणार कुठून?

पण समजा मोटर खरीच असती, तरी हेड आणि डिस्चार्जच्या जोडीने फसायला झालंच असतं. पाटीवरचे 40 आणि 40 हे दोन्ही कमाल आकडे आहेत आणि ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. 40 मीटर हेड मिळतं तेव्हा पाणी शून्य वाहत असतं, जसं गेज लावून व्हॉल्व्ह बंद केल्यावर झालं. 40 लिटर मिळतात तेव्हा उंची शून्य असते. दोन्ही टोकांना उपयोगी शक्ती शून्य, कारण एकीकडे वेग नाही आणि दुसरीकडे उचलायचं बल नाही. मधल्या भागात दोन्ही थोडं थोडं मिळतं. या जातीच्या पंपात ही उतरण साधारण सरळ रेषेची असते, त्यामुळे निम्म्या हेडला निम्मा प्रवाह असा अंदाज चालतो: 20 मीटरला 20 लिटर. टाकीची उंची 18, पाइप, बेंड आणि फूट व्हॉल्व्हचं घर्षण मिळून सुमारे 1, एकूण 19 मीटर. अंदाज 21 लिटर, प्रत्यक्ष 20. पंप आपल्या जातीला जागला होता.

दुकानातलं प्रात्यक्षिक याच कारणाने फसवं ठरतं. पिंपात पंप सोडून जमिनीवरच बादली भरून दाखवतात. ते शून्य हेडचं डिस्चार्ज असतं, म्हणजे पाटीवरचा सगळ्यात मोठा आकडा. मोजायचं तर टाकीच्या तोंडाशी, घड्याळ लावून, आणि निदान 100 लिटर.

खरेदीदाराचा हिशोब चुकला नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. मिनिटाला 40 लिटर जाताना घर्षण 3 मीटरच्या आसपास जातं, म्हणजे 21 मीटर हेड आणि पाण्याला 137 वॉट. खऱ्या 746 वॉटच्या हा 18 टक्के भाग आहे. असे छोटे पंप कार्यक्षमतेत गरीबच असतात, तरी योग्य निवडलेल्या 1 एचपी पंपाला हे जमतं. 488 वॉट खाऊन 59 वॉटचं काम, म्हणजे 12 टक्के, ही स्वतः फसवणूक नाही. खोटी पाटी ही फसवणूक आहे.

पंप परत घ्यायची वेळ आल्यावर विक्रेत्याने पट्ट्यावर चालणारा इंजिन पंप पुढे केला: "पुली बदलून स्पीड डबल करतो, पॉवर डबल." इंजिनाच्या पाटीवर 2.2 किलोवॉट, मिनिटाला 3600 फेऱ्यांना. याचा टॉर्क सुमारे 5.8 न्यूटन-मीटर. इंजिनाला 5 सेंटिमीटर त्रिज्येची पुली असेल तर पट्ट्यावर 117 न्यूटन ओढ आणि 18.8 मीटर प्रति सेकंद वेग, गुणाकार 2200 वॉट. 10 सेंटिमीटरची लावली तर ओढ 58, वेग 37.7, गुणाकार तोच. पुली बलाच्या बदल्यात वेग देते, शक्ती नाही, आणि पट्टा स्वतःचं थोडं कापून घेतो. उलट सेंट्रिफ्युगल पंपाचा वेग दुप्पट केला की तो आठपट शक्ती मागतो. आधी 600 वॉट घेणारा पंप 4800 मागेल. 2200 चं इंजिन तिथे पोहोचतच नाही: आवाज जड होतो, फेऱ्या पडतात, धूर येतो. आणि फेऱ्या पडल्या की शक्तीही पडते, कारण टॉर्क तेवढाच राहिला तरी 1800 फेऱ्यांना 2.2 किलोवॉटचे 1.1 उरतात. पाटीवरचा किलोवॉट नेहमी एका ठरावीक फेऱ्यांचा असतो. त्या फेऱ्या लिहिल्या नसतील तर तो आकडा वाचूच नये.

पंप घेताना बिलावर एचपी लिहून घेण्यात फारसा अर्थ नाही. "एकूण 21 मीटर हेडला मिनिटाला किमान 40 लिटर, 230 व्होल्टवर" एवढी ओळ लिहून मागावी, आणि सोबत त्या मॉडेलचा हेड-डिस्चार्जचा तक्ता. अस्सल पंपाला तो असतो. 40 मीटरपासून 0 पर्यंत दर पाच मीटरला किती लिटर, हे त्यात दिलेलं असतं, आणि आपल्या उंचीच्या ओळीवर बोट ठेवलं की टाकी किती मिनिटांत भरेल ते तिथेच कळतं. ही ओळ लिहायला विक्रेता का-कू करू लागला, तर पंप त्याच्याच दुकानात राहू द्यावा.