काळ-काम-वेग: ताळा समीकरणात करावा की कामावर?

काळ-काम-वेगाच्या उदाहरणाचे उत्तर आल्यावर ते तपासण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत मिळालेले उत्तर आपण मांडलेल्या समीकरणात परत घालून दोन्ही बाजू जुळतात का, हे पाहिले जाते. दुसऱ्या रीतीत समीकरण बाजूला ठेवून एकूण कामासाठी किंवा अंतरासाठी एखादी सोयीची संख्या धरायची आणि ते काम, त्या उत्तरानुसार, खरोखर पुरे होते का, हे मोजायचे. नागपुरात महालातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करताना मी पहिली रीत बराच काळ वापरली आणि नंतर दुसरीकडे वळलो. त्याला एकच उदाहरण कारणीभूत ठरले.

सराव परीक्षेत प्रश्न असा होता: अ एक काम २० दिवसांत करतो. ब हा अ पेक्षा २५ टक्के अधिक कार्यक्षम आहे. तर ब ते काम किती दिवसांत करील? मी २० चे २५ टक्के, म्हणजे ५ दिवस, वजा केले आणि उत्तर १५ लिहिले. वेळ शिल्लक असल्याने ताळाही केला: १५ मध्ये ५ मिळवले, २० आले. सर्व जुळले, म्हणून मी निश्चिंत मनाने पुढच्या प्रश्नाकडे गेलो, आणि उत्तर चुकले होते.

या ताळ्याची मला सलणारी गोष्ट नेमकी हीच आहे. समीकरण ज्या गृहीतावर उभे असते, त्याच गृहीतावर ताळाही उभा राहतो. ‘काम करण्याचा दर २५ टक्क्यांनी अधिक’ याचा अर्थ मी ‘वेळ २५ टक्क्यांनी कमी’ असा घेतला होता, आणि उत्तर परत घालताना तोच अर्थ पुन्हा वापरला. अशा वेळी बेरीज-वजाबाकी बिनचूक असल्याची ग्वाही मिळते, दराबद्दलची समजूत मात्र तपासलीच जात नाही.

आता तेच उत्तर कामावर तपासून पाहा. एकूण काम १०० भाग धरू. अ रोज ५ भाग करतो. ब त्याहून २५ टक्के अधिक, म्हणजे रोज सव्वासहा भाग करतो. पंधरा दिवसांत त्याचे पावणेचौऱ्याण्णव भाग होतात आणि सव्वासहा भाग उरतात. उरलेले काम बरोबर ब च्या एका दिवसाचे आहे, हे पाहताच १६ हे उत्तर समोर येते; चूक उघडी पडतेच, शिवाय ती किती आहे तेही कळते.

सरासरी वेगाच्या उदाहरणातही माझा अनुभव असाच आहे. नागपूरहून वर्ध्याला जाताना ताशी ६० आणि त्याच वाटेने परतताना ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर अनेक जण सरासरी ५० लिहितात. एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर धरून पाहिले (खरे अंतर किती, याने येथे फरक पडत नाही), तर जाण्यास २ आणि येण्यास ३ तास लागतात. एकूण २४० किलोमीटरना ५ तास, म्हणजे सरासरी ४८. कमी वेगाने अधिक वेळ प्रवास झाला, ही गोष्ट सूत्रापेक्षा या दोन आणि तीन तासांत स्पष्ट दिसते.

पहिली रीत टाकाऊ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. समीकरण लांबलचक असेल, वर्गसमीकरण सोडवावे लागले असेल किंवा अपूर्णांकांची गर्दी असेल, तर आकडेमोडीतली चूक तीच लवकर पकडते. दुसऱ्या रीतीला थोडा अधिक वेळ लागतो, आणि तिच्यात एक धोकाही आहे. वरच्याच उदाहरणात ‘जाताना वाटेत अर्धा तास थांबा घेतला’ एवढे वाक्य वाढवले, की अंतर मनाने धरण्याची सोय उरत नाही. १२० किलोमीटर धरल्यास एकूण साडेपाच तास होऊन सरासरी सुमारे ४३.६ येते, २४० धरल्यास साडेदहा तास होऊन ती सुमारे ४५.७ येते. थांब्याचा अर्धा तास अंतराबरोबर वाढत नाही, म्हणून असे होते.

त्यामुळे थांबा, मध्येच काम सोडून जाणारा मजूर किंवा उशिरा उघडलेला नळ असे काही प्रश्नात दिसले, की मी दोन वेगवेगळ्या संख्या धरून ताळा करतो. दोन्ही वेळा उत्तर एकच आले, तर संख्या मनाने धरण्यास हरकत नव्हती. वेगळे आले, तर अंतर किंवा काम प्रश्नात कुठेतरी दिलेले असले पाहिजे, असे समजून मी प्रश्न पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतो.