थेट बेरीज की झेड-स्कोअर?

सांगलीतली तीन कॉलेजं समजा, आणि निकाल व पगार एकत्र करून त्यांचा क्रम लावायचाय. आकडे माझ्या मनचे. निकाल: अ 90, ब 80, क 70 टक्के. नोकरीला लागलेल्यांचा सरासरी वार्षिक पगार: 300, 320, 400 हजार.

थेट बेरीज केली तर 390, 400, 470. म्हणजे क पहिलं, अ शेवटचं. आता तोच पगार लाखांत लिहा: 3, 3.2, 4. बेरीज 93, 83.2, 74, आणि अ एकदम वर! कॉलेजं तीच, फक्त एकक बदललं. ज्या आकड्यांत चढउतार मोठा, तेच क्रम ठरवतात.

झेड-स्कोअरमध्ये प्रत्येक आकड्यातून त्या रकान्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनानं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापानं, भागायचं. निकालाची सरासरी 80, विचलन 8.16, पगाराची 340 आणि 43.2. अ चे गुण 1.22 आणि −0.93, बेरीज 0.30. क ची 0.16, ब ची −0.46. क्रम अ, क, ब. पगार हजारांत मोजा नाहीतर लाखांत, तो हलत नाही. गळतीसारखा, कमी तितका चांगला असा उलटा निर्देशक असेल तर मात्र चिन्ह बदलायला विसरू नका. ही चूक हमखास होते.

तरी झेड-स्कोअर डोळे झाकून वापरू नये, कारण तो सोबतच्या यादीवर अवलंबून असतो. ब ला वगळा: अ आणि क दोघांचीही बेरीज शून्य! दोनच कॉलेजं उरली की गुण फक्त +1 आणि −1 येतात, फरक किती मोठा होता ते पुसलं जातं. यादीत डझनभरापेक्षा कमी नावं असतील तर मी तरी हा वापरणार नाही.