उसने पैसे मागताना: मऊ, सरळ की कडक?

मावसभावाला २५,००० रुपये उसने दिलेत, दिवाळीत देतो म्हणाला होता, आता होळी आली. पाठवण्याआधी मेसेज तीन तऱ्हांनी लिहून बघावा.

मऊ: "दादा, कसा आहेस? जमेल तेव्हा त्या पैशांचं बघशील का?"

सरळ: "दादा, दिवाळीत द्यायचे ठरलेले २५,००० अजून आलेले नाहीत. मला १० तारखेला मुलीची फी भरायची आहे. ५ तारखेपर्यंत किती देऊ शकशील ते आज सांग."

कडक: "दादा, ५ तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर मी मावशीशी बोलणार आहे."

मऊ मेसेजमध्ये रक्कमही नाही, तारीखही नाही, म्हणून उत्तर येतं "हो, बघतो", आणि विषय तिथेच थांबतो. पहिल्यांदाच आठवण करताना तो चालतो. सरळ मेसेजला मात्र आकड्यातच उत्तर द्यावं लागतं. "किती देऊ शकशील" या शब्दांमुळे हप्त्याची वाटही उघडी राहते, त्यामुळे अडचणीत असलेला माणूस तोंड लपवत नाही. नात्यात मी हाच निवडेन.

कडक मेसेज मावशीशी खरंच बोलायची तयारी असेल तरच पाठवावा, नाहीतर पुढच्या तारखेला कुणी किंमत देणार नाही. नातं नसलेल्या ओळखीच्या माणसाला तो लवकर पाठवावा लागतो, कारण उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. तिथे मावशीऐवजी वकिलाच्या नोटिशीचा उल्लेख येईल.